परस्पर संमतीच्या अर्जातली नावं आणि तारखा

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खालचा घटस्फोटाचा अर्ज नवरा-बायको मिळून करतात. तिथे प्रतिवादी नसतो. तपासताना पहिल्यांदा हेच पाहा, कारण बहुतेक मसुदे जुन्या फाइलीवरून उतरवलेले असतात आणि तिथला एखादा ‘प्रतिवादी’ नव्या मसुद्यात राहून जातो. पहिल्या पानावर ‘अर्जदार क्र. 1’ आणि ‘अर्जदार क्र. 2’ ठरले की शेवटपर्यंत तेच चालवा. मध्येच ‘पती’, मध्येच ‘सदर महिला’ असं नको.

समजा, लग्नाआधीचं नाव मीनल रमेश काळे, नंतरचं मीनल सुहास देव. आधार कार्डावर काळे, विवाह प्रमाणपत्रावर काळे, पासपोर्टवर देव. शीर्षकात दोन्ही नावं ‘उर्फ’ लावून घ्या. मग तेच अक्षरन् अक्षर सत्यापनात, प्रतिज्ञापत्रात, संमतीच्या अटींत आणि वकीलपत्रात येतंय का पाहा. ‘मीनल’ शोधताना ‘मिनल’ही शोधा, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

आता तारीख. महाराष्ट्रातल्या विवाह प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी असते. आपल्या जोडप्याचं लग्न 12 फेब्रुवारी 2019 ला लागलं, नोंदणी 4 मार्चला झाली. मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात 12/02/2019 आहे, मागणीत 04/03/2019 उतरलंय आणि अटींमध्ये कुणीतरी महिना आधी लिहून 02/12/2019 केलंय. वाचताना तिन्ही खऱ्याच वाटतात. म्हणून महिना अक्षरात लिहा. मागणीतली तारीख सर्वांत जपून तपासा. तीच हुकूमनाम्यात उतरण्याचा धोका असतो, आणि मग दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. (लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलमच बदलतं, 28 लागतं. त्यासाठी प्रमाणपत्राचा मथळा वाचा.)

वेगळं राहण्याची तारीखही सगळीकडे एकच हवी, आणि अर्ज दाखल करण्याच्या दिवशी तिला किमान एक वर्ष झालेलं हवं. ती लग्नाच्या तारखेशी ताडून पाहा. साल चुकलं तर लग्नाआधीच वेगळे झाल्याचं निघतं.

सर्वांत महाग पडते ती क्रमांकांची अदलाबदल. बायकोचं नाव आधी घ्यायचं ठरलं, शीर्षक बदललं, पण अट तशीच राहिली: ‘अर्जदार क्र. 1 हे अर्जदार क्र. 2 यांना एकरकमी पोटगी देतील.’ आता पैसे बायकोने द्यायचे झाले! क्रमांक बदलताना थेट 1 चं 2 करू नका, सगळेच 2 होतील. आधी ‘अर्जदार क्र. 1’च्या जागी ‘क्षक्ष’ घाला, मग ‘अर्जदार क्र. 2’चं ‘अर्जदार क्र. 1’ करा, शेवटी ‘क्षक्ष’चं ‘अर्जदार क्र. 2’. नुसता आकडा बदलू नका, तारखाही बदलतील. त्यानंतर क्रियापदं पाहा, कारण ‘गेला’चं ‘गेली’ संगणक करत नाही. आडनाव तर ‘सगळे बदला’ने कधीच बदलू नका, मुलाचं आणि सासऱ्यांचं आडनावही त्यात जातं.

सलग वाचून या चुका सापडत नाहीत. मूळ कागदांवरून एका पानावर नावं, तारखा आणि क्रमांक लिहून घ्या आणि एकेक गोष्ट घेऊन पूर्ण अर्ज चाळा.