रंग शेवटी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. एका शेतकऱ्यानं मोबाइलवर गाईचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "डॉक्टरसाहेब, देवणीच आहे ना?" गाय पांढरी, अंगावर काळे ठिपके आणि ठसे. फोटो समोरून काढलेला. गाय दावणीला होती, मान खाली घालून कडबा खात होती. बाजारात व्यापाऱ्यानं तिला देवणी म्हणून विकली होती आणि पैसेही त्याच भावानं घेतले होते.

जात ओळखायला लोक आधी रंग बघतात, आणि फसवतो तो रंगच. देवणी ही लातूर, उदगीर आणि त्याला लागून असलेल्या बिदरकडची गाय. गीर, डांगी आणि स्थानिक गुरं यांच्या मिश्रणातून ती घडली, असं मानलं जातं. तिच्यात रंगाचे तीन प्रकार सांगतात. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. वानराचं तोंड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे लक्षात राहील. बालंक्याच्या पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूला काळे ठिपके असतात. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. आता घोळ कुठे होतो बघा: डांगीसुद्धा काळी-पांढरी असते, आणि परदेशी होल्स्टीनचा संकरही काळा-पांढराच. म्हणजे "काळी-पांढरी" एवढ्यावरून तीन घरं उघडी राहतात.

म्हणून मी आधी कान, कपाळ आणि शिंगं बघतो. मग वशिंड आणि गळ्याखालची पोळी. रंग सगळ्यात शेवटी.

पण त्या एका फोटोवरून यातलं काहीच कळेना. मान खाली असली की कपाळाचा फुगवटा नीट दिसत नाही. समोरून काढलेल्या फोटोत वशिंड डोक्यामागे लपतं. शिवाय मोबाइल अगदी जवळ धरला की डोकं मोठं आणि मागचं अंग आखूड दिसतं. मग चांगली उंच गायही बुटकी वाटते. मी त्याला कळवलं, "दावं सोडा, सपाट जागेवर उभी करा. दहा-बारा फूट लांब जा, मोबाइल तिच्या खांद्याच्या उंचीवर धरा आणि पूर्ण बाजूनं एक फोटो घ्या. दुसरा समोरून, मान वर असताना. तिसरा फक्त कान आणि शिंगांचा."

तासाभरात तिन्ही फोटो आले.

आधी कानांचा बघितला. देवणीचे कान लांब आणि लोंबते असतात. या गाईचे कान आखूड, आडवे, बाजूला ताठ. इथेच मनात पाल चुकचुकली. गीरचे कान तर गुंडाळलेल्या पानासारखे खाली लोंबतात आणि टोकाला खाच असते, तेव्हा गीरचा प्रश्नच नव्हता. डांगीचे कान मात्र लहान असतात, त्यामुळे ते दार अजून उघडं होतं.

मग कपाळ आणि शिंगं. गीरचं कपाळ उपड्या वाटीसारखं फुगीर. तिची शिंगं मुळाशी खाली आणि मागे वळतात, नंतर वर आणि पुढे येऊन अर्धा चंद्र करतात. देवणीचं कपाळ थोडंसंच फुगीर. शिंगं बाहेर आणि वर जातात. म्हणून गीर की देवणी असा पेच पडला की मी शिंगाची मुळाकडची चार बोटं बघतो. ती खाली उतरत असली तर गीर, वर निघत असली तर देवणी. डांगीची शिंगं आखूड, जाड आणि टोकं बाजूला. आपल्या गाईचं कपाळ चपटं होतं आणि शिंगं छोटी, पुढे वळलेली. यातल्या एकाही घरात ती बसत नव्हती.

बाजूच्या फोटोनं उरलेलं सांगितलं. पाठ मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत जवळजवळ सरळ रेषेत, वशिंडाच्या जागी नुसता किंचित उंचवटा. गळ्याखाली पोळी नावापुरती, बेंबीजवळची लोंबती कातडीही नाही. मागचा भाग भारी, कास मोठी. ही होल्स्टीनची संकरित गाय, दुसरं काही नाही.

इथे एक सावधगिरी. फक्त वशिंड बघून निकाल देऊ नका. गाईचं वशिंड वळूच्या मानानं लहानच असतं, आणि खच्ची केलेल्या बैलाचंही वळूइतकं वाढत नाही. उलट पहिल्या पिढीतल्या संकरित गाईला थोडं वशिंड राहू शकतं. कान, वशिंड, पोळी तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच बोलावं. शिंगांचंही तसंच. आपल्याकडे शिंगं तासतात, रंगवतात, कोवळेपणी डागतातही. पोळ्याच्या फोटोत झूल, बेगड आणि गोंडे असले तर मी सरळ सांगतो: सण होऊ द्या, मग फोटो पाठवा.

म्हशींकडे वळलं की वशिंडाचा विषयच संपतो, कारण म्हशीला ते नसतंच. रंगही बहुतेकींचा काळा. पूर्णाथडीसारखी भुरकट म्हैस सोडली तर रंग फारसा उपयोगी नाही. तिथे सगळी भिस्त शिंगांवर, आणि म्हणून बाजूचा फोटो हवाच.

पंढरपुरीची शिंगं तलवारीसारखी लांब, दीड-दोन फुटांची, खांद्याच्या फऱ्यापलीकडे जाणारी. मराठवाडीची मध्यम, मानेला समांतर मागे जातात, पण फऱ्याच्या पुढे जात नाहीत. म्हणजे फोटोत शिंगाचं टोक आणि फरा यांच्यात मनानं एक उभी रेघ ओढली की दोघी बऱ्याच वेगळ्या होतात. समोरून फोटो काढला तर मागे गेलेलं शिंग मानेमागे दडतं आणि पंढरपुरी साधी गावठी वाटते. मुऱ्हाची शिंगं आखूड आणि जिलबीसारखी घट्ट वळलेली, त्यामुळे ती सोपी. तरी लहान रेडीच्या फोटोवर बोलताना जीभ आवरावी लागते, कारण तिच्या शिंगाचा वळसा अजून पुरा झालेला नसतो. एकदा मी एका रेडीला घाईनं "मुऱ्हा नाही" म्हणालो होतो. दोन वर्षांनी मालकानं नवा फोटो पाठवला, शिंगाचा पुरता वेढा पडलेला. खाली काही लिहिलंही नव्हतं.

आणि फोटोवरून कळतं ते एवढंच की जनावर अमक्या जातीसारखं दिसतं. तिची आई कोण, बाप कोण, हे फोटो सांगत नाही. आपल्या गावांतली कितीतरी गुरं कुठल्याच एका जातीत बसत नाहीत. अशा वेळी मी "गावठी, देवणीकडे झुकणारी" असं लिहितो. ऐकणाऱ्याला ते अर्धवट उत्तर वाटतं, पण तेच खरं असतं.

त्या शेतकऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दूध तर दहा लिटर देते, साहेब." मी म्हटलं, "म्हणूनच ती देवणी नाही."

नमस्कार.