कराराचं एक वाक्य सिगरेटच्या पाकिटापर्यंत कसं पोचतं

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे एफसीटीसी, आणि तो देशाच्या कायद्यात कसा उतरतो. अख्खा करार सांगायला बसलो तर ३८ कलमं आहेत, तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत चहाला निघून जाल. म्हणून मी एकच कलम घेतो, अकरावं, पाकिटावरच्या इशाऱ्याचं, आणि त्याच्या मागे मागे जाऊ.

आधी एक गंमत. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने हा करार मंजूर केला २१ मे २००३ ला. आपल्या कोटपा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली १८ मे २००३ ला, म्हणजे तीन दिवस आधी. कोटपा म्हणजे सिगरेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा, नाव इतकं लांब आहे की वकील लोकसुद्धा पूर्ण घेत नाहीत. तर आपण करार वाचून मग कायदा केला असं काही झालेलं नाही. कोटपाच्या प्रस्तावनेत उल्लेख आहे तो १९८६ आणि १९९० च्या आरोग्य सभेच्या ठरावांचा, एफसीटीसीचा नाही. त्याआधी आपल्याकडे १९७५ चा कायदा होता, पण तो फक्त सिगरेटपुरता, बिडी नाही, खायची तंबाखू नाही, आणि महाराष्ट्रात तर ओढणाऱ्यांपेक्षा मळून खाणारे आणि मिश्री लावणारे कितीतरी जास्त.

भारताने करारावर सही केली सप्टेंबर २००३ मध्ये, मग ५ फेब्रुवारी २००४ ला त्याला रीतसर मान्यता दिली, आणि करार लागू झाला २७ फेब्रुवारी २००५ ला. सही आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. सही म्हणजे साखरपुडा समजा, मान्यता दिली की मात्र बांधले गेलात. आणि यात तिसाव्या कलमात म्हटलंय की आरक्षणं चालणार नाहीत, म्हणजे "बाकी सगळं मान्य, तेवढं तेरावं कलम आम्हाला नको" असं म्हणता येत नाही. घ्यायचा तर अख्खा घ्या.

पण बांधले गेलो तरी उद्या सकाळी पोलीस करार हातात घेऊन टपरीवर जाऊ शकतो का? नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. संसदेने कायदा करावा लागतो, आणि राज्यघटनेचं कलम २५३ संसदेला ती ताकद देतं, विषय राज्यांचा असला तरी. इथे सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय, पण कोटपा मुळात दुसऱ्या वाटेने आला, कायद्याच्या दुसऱ्या कलमातच जाहीर केलंय की तंबाखू उद्योग केंद्राच्या नियंत्रणाखाली घेणं सार्वजनिक हिताचं आहे. म्हणजे आरोग्याचं काम उद्योगाच्या दारातून केलं. हुशारी आहे यात, मानलं पाहिजे.

करारात बाकी काय काय आहे ते भराभर सांगतो. कर वाढवून किंमत वर ठेवा, सार्वजनिक जागी धूर नको, जाहिराती बंद, मुलांना विक्री नाही, सोडायला मदत, चोरट्या मालावर लगाम. आणि एक छोटंसं कलम, ५.३, की हे सगळं धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांना आत शिरू देऊ नका. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपलं अकरावं. ते म्हणतं की करार लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत पाकिटावर मोठा, स्पष्ट, बदलता इशारा हवा, पाकिटाच्या मुख्य दर्शनी भागांच्या ५० टक्के किंवा जास्त असावा, पण ३० टक्क्यांपेक्षा कमी चालणार नाही. "असावा" आणि "कमी चालणार नाही" यातला फरक बघा, करार लिहिणारे असे शब्द तासन् तास भांडून ठरवतात. आपली मुदत झाली २७ फेब्रुवारी २००८.

मुदतीत झालं का? कोटपाच्या सातव्या कलमात इशारा होताच, पण कलमात एवढंच असतं की "विहित केल्याप्रमाणे". किती मोठा, कुठलं चित्र, कुठल्या बाजूला, कधीपासून, हे सगळं नियमांत, आणि नियम काढतं आरोग्य मंत्रालय, अधिसूचनेने. माझं म्हणणं आहे की खरी मारामारी इथे होते. कायदा संसदेत पास होताना पेपरात पहिल्या पानावर येतो, नियम मात्र राजपत्रात येतात आणि ते वाचतो कोण तर उद्योगाचा वकील.

पहिले नियम आले जुलै २००६ मध्ये. मग कवटी आणि हाडांवरून वाद झाला, मूळ सातव्या कलमात ते चित्र सक्तीचं होतं, बिडी उद्योगाचं म्हणणं आमचा धंदा बसेल, बिडी वळणाऱ्या लाखो बायकांचं काय. (तो प्रश्न खोटा नाहीये, कराराच्या सतराव्या कलमात पर्यायी रोजगाराचं म्हटलंय, पण त्याची आठवण बहुतेक इशारा पुढे ढकलायच्या वेळीच होते.) मंत्रिगट बसला, २००७ मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन कवटीची सक्ती गेली, २००८ मध्ये नवे नियम आले, आणि पाकिटावर चित्र दिसायला लागलं ३१ मे २००९ पासून. मुदतीनंतर पंधरा महिन्यांनी. ओढायच्या मालावर फुफ्फुसाचा फोटो, खायच्या तंबाखूवर विंचू. विंचू बघून कोणी तंबाखू सोडली असेल असं मला वाटत नाही, कित्येकांना तो ब्रँडच वाटला असेल.

आणि आकार? ४० टक्के, फक्त पुढच्या बाजूला. ऐकायला ३० पेक्षा जास्त आहे ना? आता हिशोब करू. समजा पाकीट साडेआठ सेंटीमीटर उंच आणि साडेपाच रुंद. एका बाजूचं क्षेत्रफळ ४६.७५ चौरस सेंटीमीटर. त्याचे ४० टक्के म्हणजे १८.७. पण करार म्हणतो दर्शनी "भागांच्या", अनेकवचन, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये डर्बनच्या बैठकीत ठरलेली मार्गदर्शक तत्त्वंही पुढची-मागची दोन्ही बाजू धरतात. दोन्ही मिळून झाले ९३.५. आता १८.७ भागिले ९३.५ करा. वीस टक्के! म्हणजे ४० टक्क्यांचा नियम कागदावर दणदणीत, पण कराराच्या मापाने किमान मर्यादेच्याही खाली. म्हणून कुठल्याही देशाने "आम्ही इतके टक्के केलं" म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, कशाचे टक्के, एका बाजूचे की दोन्हीचे.

मग १५ ऑक्टोबर २०१४ ची अधिसूचना आली. ८५ टक्के, दोन्ही बाजूंना, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर, चित्रं आलटून पालटून बदलायची. लागू होणार होती १ एप्रिल २०१५ पासून. तारखेच्या पाच-सहा दिवस आधी ती पुढे ढकलली, कारण संसदेच्या गौण विधिविधान समितीने अभ्यास बाकी आहे असं कळवलं. ही समिती म्हणजे मंत्रालयाने काढलेले नियम कायद्याच्या चौकटीत आहेत का ते तपासणारी, चांगली गोष्ट आहे, असायलाच हवी. पण त्या वेळी तिचे अध्यक्ष होते आपल्या नगरचे खासदार दिलीप गांधी, आणि तंबाखूने कॅन्सर होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही असं ते जाहीरपणे बोलले, त्यावर बराच गदारोळ झाला. समितीतले एक सदस्य तर स्वतः बिडीच्या धंद्यातले. आता ते ५.३ आठवा. करारात ते आहे, पण आपल्या कोटपात त्याच्यासारखं कलमच नाही, मग खासदाराला "तुम्ही या विषयावर बसू नका" असं कशाच्या आधारावर सांगणार?

शेवटी राजस्थान हायकोर्टात प्रकरण गेलं, सरकारला नवी तारीख काढावी लागली, १ एप्रिल २०१६. समितीने त्याच्या तोंडावर अहवाल दिला की ५० टक्के पुरे, पण अधिसूचना टिकली. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरच्या सगळ्या केसेस कर्नाटक हायकोर्टाकडे पाठवल्या, तिथे डिसेंबर २०१७ मध्ये ८५ टक्क्यांचे नियम रद्द झाले, म्हणजे परत ४० वर. आणि ८ जानेवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. एक महिनासुद्धा गेला नाही मध्ये. म्हणजे आज पाकिटावर जो ८५ टक्के इशारा बघता ना, तो संसदेच्या कायद्यात कुठेही लिहिलेला आकडा नाही, मंत्रालयाच्या नियमातला आहे. लोकांना वाटतं कायदा झाला म्हणजे झालं.

नियम कसा तपासायचा ते सांगतो, सोप्पं आहे. मी खिशात शाळेतली सहा इंची पट्टी ठेवतो, टपरीवाले हसतात. इशारा वरच्या कडेला आहे का, दोन्ही बाजूंना आहे का, मोजून किती भरतो, आणि २०१८ पासून त्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर असायला हवा, १८००-११-२३५६, तो आहे का. यातलं काहीच नसेल, चकचकीत विदेशी पाकीट असेल, तर बहुतेक चोरून आलेला माल. म्हणजे इशारा नुसता घाबरवायला नाही, माल ओळखायलाही कामाचा.

पण पट्टी घेऊन उभं राहिलं की दुसरंच दिसतं. मागच्या महिन्यात स्टँडजवळच्या टपरीवर अर्धा तास उभा होतो. बहुतेक गिऱ्हाईक पाकीट घेतच नाही. "एक दे," म्हणतं, टपरीवाला मांडीजवळच्या उघड्या पाकिटातून एक काढून देतो, दोरीला लटकवलेल्या लायटरवर पेटते, झालं. तो ८५ टक्क्यांचा इशारा, ज्याच्यासाठी बारा वर्षं अधिसूचना, समित्या, तीन-तीन कोर्टं झाली, तो टपरीवाल्याच्या गुडघ्याकडे बघत पडलेला असतो. गिऱ्हाइकाच्या बोटात नुसता फिल्टर.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्टी सिगरेट-बिडी विकायला बंदी केली, आणि आधार घेतला तोच, सातवं कलम, की इशारा असल्याशिवाय विक्री नाही आणि सुट्ट्यावर इशारा नसतो. तर्क पक्का आहे. अंमलबजावणी कोण करणार हा प्रश्न तुम्ही मला विचारू नका, तुमच्या घराजवळच्या टपरीला विचारा. केंद्राने पुढे कोटपात सुधारणेचा मसुदा काढला होता, त्यात सुट्ट्या विक्रीवर थेट बंदी होती, पण त्याचा कायदा झाला नाही.

कॅनडाने यावर वेगळाच उपाय काढला, २०२३ च्या नियमांनी तिथे एकेका सिगरेटवरच, फिल्टरजवळच्या कागदावर, इशारा छापायची सक्ती झाली. करार याला आडवा येत नाही, दुसरं कलम उलट म्हणतं की आमच्यापेक्षा कडक करा खुशाल. मग आपलं मंत्रालय उद्या नुसती अधिसूचना काढून तसं करू शकेल का? मला वाटतं नाही, कारण सातवं कलम बोलतं ते पाकिटाबद्दल, आणि कायद्यातली पाकिटाची व्याख्या आहे वेष्टन, खोका, डबा वगैरे. त्यात एकटी सिगरेट बसवायची तर ओढाताण होणार, आणि ती ओढाताण कोर्टात दोन दिवससुद्धा टिकणार नाही, म्हणजे परत संसदेत जावं लागणार. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ, ते मागे हात वर केलेले काका कधीचे थांबलेत.