दोन आठवड्यांचा खोकला आणि एक पोस्टर

(पुण्यातल्या एका सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही दिलेला मसुदा आधी जसाच्या तसा वाचतो. ‘क्षयरुग्णांनो, लाजू नका, आजार लपवू नका! निष्काळजीपणा सोडा, वेळीच तपासणी करा, नियमित औषधे घ्या, सकस आहार घ्या, उघड्यावर थुंकू नका. दरमहा १००० रुपये मिळवा. टीबी हरेल, देश जिंकेल!’ शेजारी बरगड्या दिसणाऱ्या माणसाचं चित्र. हे पोस्टर पर्वती पायथ्याच्या वस्तीत, ताडीवाला रोडला, रिक्षा स्टँडजवळ लागणार आहे.

आता ते कुणी वाचावं असं आपल्याला वाटतं, ते बघू. समजा, बांधकामावर जाणारा एक माणूस आहे. तीन आठवडे खोकतोय. मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून झाली, धुळीमुळे होतंय असं तो घरी सांगतो. आपल्याला टीबी असेल हे त्याच्या मनातही नाही. मग ‘क्षयरुग्णांनो’ अशी हाक मारली, तर तो वळून बघणार नाही, कारण ती हाक त्याला नाहीच. ज्याचं निदान झालंय, तो केव्हाच दवाखान्यात पोचलाय. आपल्याला हवा आहे तो न पोचलेला. त्याला स्वतःबद्दल एकच गोष्ट नक्की ठाऊक आहे, ती म्हणजे खोकला किती दिवसांचा आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करायची: ‘खोकला दोन आठवड्यांहून जास्त दिवस आहे?’

‘लाजू नका’ तुम्ही आपुलकीनं लिहिलंय, हे मला कळतं. पण ते वाचून माणसाला एवढंच समजतं की ही लाजण्यासारखी गोष्ट आहे. शिवाय भिंतीपुढे तो एकटा नसतो, शेजारीपाजारी असतात. ‘निष्काळजीपणा सोडा’ तर सरळ आरोपच झाला. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो गेलेला नाही, याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. दोन्ही ओळी काढा. चित्रही काढा. नुसता खोकणारा, अंगानं धडधाकट माणूस ‘मी काही असा दिसत नाही’ म्हणेल आणि पुढे जाईल.

उरलेल्या कामांचा क्रम लावून बघा. औषधं आणि आहार निदानानंतर येतात. निक्षय पोषण योजनेचे पैसेही उपचार सुरू झाल्यावर मिळतात. नोव्हेंबर २०२४पासून ते महिन्याला ५०० ऐवजी १००० झाले, ही माहिती चांगली आहे, पण ती दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी लावा. भिंतीवर ती कळलेल्या माणसाला तपासणीआधीच पैशांची अपेक्षा लागते. आज, या माणसाला, जमण्यासारखं एकच काम राहतं: थुंकी तपासायला देणं.

म्हणून मी असं लिहीन:

‘खोकला दोन आठवड्यांहून जास्त दिवस आहे? महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत आहे.’

खाली दोन रिकाम्या चौकटी ठेवा, दवाखान्याचं नाव आणि वेळ. प्रत्येक वस्तीत त्या जाड मार्करनं भरायच्या. ‘जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधा’ असं छापलं की शोधण्याचं काम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतं. मोठ्या अक्षरांत काय घ्यायचं? बहुतेक संस्था आपलं नाव घेतात. मी ‘थुंकी तपासून घ्या’ आणि ‘मोफत’ घेईन.

यात आपण काहीतरी गमावतो, तेही सांगायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजन घटणं, खोकल्यातून रक्त पडणं, ही लक्षणं असली तरी तपासणी हवीच, आणि टीबी फुप्फुसाबाहेरही होतो. पण ही सगळी यादी भिंतीवर आली की खोकणारा माणूस तीत स्वतःला शोधत बसतो. ते घरोघर जाणाऱ्या आशाताईंनी विचारायचं. रक्त पडत असेल, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, हे त्यांनी आवर्जून सांगायचं.

छापण्याआधी एक साधी चाचणी करा. साध्या कागदावर प्रिंट काढा, टपरीवर चहा पिणाऱ्याला दाखवा, कागद मागे घ्या आणि विचारा, ‘यात काय करायला सांगितलंय?’ ‘आवडलं का’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘टीबीचं काहीतरी आहे’ असं उत्तर आलं, तर पोस्टर जमलेलं नाही. ‘थुंकी तपासायची, फुकट आहे’ आलं, तर जमलं. ‘म्हणजे मला टीबी झालाय का?’ असं कुणी दचकून विचारलं, तर तेही लिहून ठेवा. मग ‘खोकल्याची कारणं अनेक असतात’ अशी ओळ बारीक अक्षरांत घालता येईल.

आणि चौकटीत वेळ भरण्याआधी त्या दवाखान्यात प्रत्यक्ष जा. थुंकीचा नमुना किती वाजेपर्यंत घेतात, कोणत्या वारी घेत नाहीत, डबी कुठल्या खिडकीवर मिळते, हे तिथल्या लॅबमधल्या माणसाला विचारा. अर्धा दिवस मजुरी बुडवून आलेल्याला ‘उद्या या’ ऐकावं लागलं, तर तो बहुधा पुन्हा येणार नाही.