मुदतीआधी करार संपवताना पत्रात काय लिहायचं

नमस्कार मंडळी. मुदतीचा करार दोघांच्या संमतीने आधीच संपवणं, आणि त्याचं पत्र, एवढाच आजचा विषय आहे. नोकरीचं उदाहरण घेतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. भाड्याचा किंवा सेवेचा करार असेल तरी विचार बराचसा हाच लागू पडतो.

समजा एका संस्थेने एकाला बारा महिन्यांसाठी घेतलंय, 1 जून ते 31 मे. डिसेंबरात कामच आटोपत आलं, पुढच्या चार-पाच महिन्यांना पुरेल एवढं काही उरलं नाही, आणि त्या माणसालाही दुसरीकडे संधी दिसतेय. दोघं बसले, बोलले, ठरलं की 31 जानेवारीला थांबायचं, संस्था एक महिन्याचा पगार जास्तीचा देणार आणि हा सगळं काम नीट हँडओव्हर करून जाणार. भांडण नाही, राग नाही. मग एचआरकडून दोन ओळींचा ईमेल येतो, "आपल्या विनंतीनुसार आपल्याला 31 जानेवारीपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे." आणि सगळा घोटाळा इथे सुरू होतो.

का, तर त्या ओळीत करार संपवायची इच्छा फक्त एकाची दिसते. "आपल्या विनंतीनुसार" लिहिलं की वाचणारा म्हणतो हा राजीनामा आहे. उलट "आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे" लिहिलं तर ते कामावरून काढल्यासारखं वाचलं जातं. मुदतीच्या करारात हा फरक फार महत्त्वाचा, कारण उरलेल्या फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांचं काय, हा प्रश्न त्यावरच अवलंबून राहतो. करारात मधेच संपवायचा क्लॉज नसेल आणि एकाने एकट्याने तो मोडला असेल, तर समोरचा नुकसानभरपाई मागू शकतो, आणि संस्थेने मोडला असेल तर उरलेल्या मुदतीच्या पगाराचा दावाही उभा राहू शकतो. किती मिळेल ते ज्या त्या देशाच्या कायद्यावर. संमतीने संपवलं की हा प्रश्न दोघांनी स्वतःच सोडवलेला असतो, फक्त ते कागदावर दिसलं पाहिजे.

म्हणून पहिलं वाक्य सगळ्यात काळजीपूर्वक लिहा. मी ते असं लिहीन: "अमुक तारखेला आपल्यात झालेला मुदतीचा रोजगार करार, ज्याची मूळ मुदत 31 मे रोजी संपणार होती, तो आपण दोघे परस्पर संमतीने 31 जानेवारी रोजी कामकाजाच्या अखेरीस संपुष्टात आणत आहोत." तारखा वर्षासकट लिहा. मूळ कराराची तारीख घातलीत की कोणता करार संपतोय यावर वाद राहत नाही, कारण मधे कधी मुदतवाढीचं वेगळं पत्र दिलेलं असतं आणि ते कोणाला आठवत नसतं, तसं असेल तर त्याचाही उल्लेख करा. "कामकाजाच्या अखेरीस" हे शब्दही मुद्दाम घातलेत. नाहीतर "31 जानेवारीपासून" म्हणजे त्या दिवशी काम करायचं की नाही, त्या दिवसाचा पगार आहे की नाही, यावर वाद होतात.

दुसरं वाक्य बहुतेक पत्रांत नसतंच: "हा करार कोणाच्याही राजीनाम्यामुळे किंवा सेवासमाप्तीमुळे संपलेला नाही, आणि करारातील नोटीस पिरियडची अट या समाप्तीला लागू होणार नाही." हे नसेल तर तीन महिन्यांनी अकाऊंट्समधला कोणी नवीन माणूस फाइल उघडतो, नोटीस दिलेली दिसत नाही, आणि फायनल पेमेंटमधून नोटीसचा पगार कापून टाकतो. त्याची चूक नाही, त्याला कागदावर दिसलं तेच त्याने केलं.

आता पैसे. "सर्व देय रक्कम लवकरच अदा केली जाईल", हे वाक्य कृपा करून लिहू नका. लवकरच म्हणजे कधी, सर्व म्हणजे काय? आपल्या उदाहरणात तीन गोष्टी आहेत: 31 जानेवारीपर्यंतचा पगार, न घेतलेल्या 9 दिवसांच्या रजेचे पैसे, आणि ठरलेला एक महिन्याचा जास्तीचा पगार. तिन्ही वेगवेगळ्या लिहा, प्रत्येकीसमोर रक्कम आणि द्यायची तारीख. जास्तीचा पगार कशासाठी हेही लिहा, की तो उरलेल्या चार महिन्यांच्या मोबदल्याबद्दल एकरकमी आणि अंतिम आहे. नाहीतर उद्या हा माणूस म्हणेल की ते बक्षीस होतं, चार महिने अजून बाकी आहेत. आणि त्यावर कर कसा लागतो ते पत्रावर सही करायच्या आधी विचारून घ्या, हातात पडणारी रक्कम वेगळी निघाली की गोडीने झालेला समझोता कडू होतो.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण यातला एक मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही. करार संपणं आणि पैसे मिळणं हे एकमेकांवर अवलंबून आहेत की नाही? "रक्कम मिळाल्यावर करार संपेल" असं लिहिलंत आणि पेमेंट दोन आठवडे लांबलं, तर ते दोन आठवडे तो माणूस नोकरीत आहे का? दुसरीकडे रुजू झाला तर काय? माझं मत स्पष्ट आहे, समाप्तीची तारीख पक्की ठेवा आणि पैसे हे वेगळं, बंधनकारक देणं म्हणून लिहा. अट लावायचीच असेल तर ती हक्क सोडण्याच्या वाक्याला लावा: "वरील रकमा पूर्ण मिळाल्यानंतर या करारापोटी आपले एकमेकांवर कोणतेही देणे किंवा दावा उरणार नाही." म्हणजे पैसे आले नाहीत तर त्याचा दावा जिवंत राहतो, पण नोकरी संपली की नाही हा प्रश्न मात्र उरत नाही.

या वाक्यात "एकमेकांवर" हा शब्द नक्की बघा. पुष्कळ वेळा पत्रात फक्त कर्मचारी दावे सोडतो आणि संस्था मोकळी राहते, उद्या ट्रेनिंगचा खर्च मागायला. दोघांनी सोडलं पाहिजे. आणि पुढे हेही जोडा की कायद्याने जे हक्क सोडताच येत नाहीत ते यात धरलेले नाहीत. काही देशांत असे हक्क सोडायला ठरलेली पद्धत पाळावी लागते, काही ठिकाणी सही केल्यानंतरही ठराविक दिवसांत विचार बदलता येतो, म्हणून मोठी रक्कम असेल तर तिथल्या वकिलाला एकदा दाखवा.

गोपनीयतेसारख्या अटी करारानंतरही चालू राहतात, तेवढं एका वाक्यात येऊ द्या. लॅपटॉप, पासवर्ड, कागद कोणाकडे कधी द्यायचे, तेही एकाच वाक्यात.

आणि सह्या. एकाने लिहिलेलं आणि एकाचीच सही असलेलं पत्र हा प्रस्ताव असतो, समझोता नाही. त्यामुळे खाली "वरील सर्व अटी मला मान्य आहेत" असं लिहून दुसऱ्याची सही आणि तारीख हवी. मूळ करारात "बदल फक्त लेखी आणि दोघांच्या सहीनेच" असा क्लॉज असेल तर चॅटवरचं "ओके, चालेल" कितपत पुरेल यावर वाद होऊ शकतो, त्या भरवशावर राहू नका. सही करणाऱ्याला संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार आहे ना, तेही बघा. सह्या 31 जानेवारीच्या आधी झाल्या पाहिजेत. नंतर केलेल्या सहीला मागची तारीख टाकायची नाही, उशीर झालाच तर ज्या दिवशी सही होतेय तीच तारीख घाला आणि समाप्तीची तारीख मजकुरात वेगळी राहू द्या. दोन प्रती काढा, दोन्हींवर दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्याच दिवशी त्या माणसाच्या हातात द्या.