पाचव्या दिवसाचा काळा रंग
(दादरच्या एका महिला मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आमच्या घरी परवा ह्यांनी दाढी करताना हनुवटी कापून घेतली. टॉवेलला लालभडक डाग. संध्याकाळी पाहते तर तोच डाग तपकिरी झालेला. आता ह्यांच्या अंगातली 'घाण' बाहेर पडली, असं कुणी म्हणालं का? नाही. पण पाळीचं रक्त तपकिरी दिसलं की लगेच काढे सुरू! हसताय, म्हणजे घरोघरी हेच.

रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की ते रक्त तपकिरी होत जातं, आणि फार रेंगाळलं तर काळपट. पाळीच्या पहिल्या दिवशी आणि शेवटी स्राव कमी असतो, रक्त सावकाश खाली येतं, म्हणून तपकिरी-काळं. मधल्या दिवसांत भरभर येतं, म्हणून लाल. गर्भाशयाच्या मुखाच्या स्रावात मिसळलं तर गुलाबी. रंग म्हणजे घड्याळ आहे हो, रक्ताला किती वेळ झाला ते सांगणारं.

डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाणारी एक बाई माझ्याकडे आली. वय चौतीस. फोनवर पॅडचा फोटो काढून आणलेला, पाचव्या दिवसाचा, कॉफीच्या चोथ्यासारखा काळा. सासूबाई म्हणाल्या, आत काहीतरी सडलंय. मी विचारलं, "दुसऱ्या दिवशी कसं असतं?" म्हणाली, "ते नेहमीचंच, लाल." मग सहज सांगून गेली की त्या दिवशी गाडीत चढताना लावलेलं पॅड उतरेपर्यंत भरतं, ऑफिसात पोचल्यावर पुन्हा तेच, म्हणून ती काळीच सलवार घालते. गुठळ्या? "दहाच्या नाण्याहून मोठ्या." हिमोग्लोबिन आठ निघालं, सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ. घाबरली होती काळ्याला, दुखणं होतं लालमध्ये! लहानसहान गुठळ्या चालतात. शरीर रक्त पातळ ठेवायला धडपडतं, पण स्राव फार झाला की त्याला ते जमत नाही.

अरे देवा, हॉलवाले काका बटणापाशी जाऊन उभे राहिले. विषय होता 'रंगातले धोके', तो राहिलाच! भराभर सांगते. तासाला एक पॅड, सलग दोन तास भरत असेल, तर थांबू नका. सात दिवसांच्या पुढे जात असेल, तरी दाखवा. राखाडी स्राव, दुर्गंधी, ताप, खाज असेल तर जंतुसंसर्ग तपासा. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल आणि राखाडी-गुलाबी मांसल तुकडे पडले, तर गर्भपात होत असेल, ही शंका घ्यायला हवी. पाळी चुकलीय, तपकिरी डाग पडतायत आणि पोटात एका बाजूला दुखतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असू शकतो. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंबही दिसला, मग तो कुठल्याही रंगाचा असो, दाखवायचाच.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या उरल्यात त्या पायऱ्यांवर घेऊ. काका, एक मिनिट, माझी पर्स राहिली.