पंचगंगेची पातळी, टोमॅटोचा भाव आणि दोन पट्ट्यांचा आलेख

नमस्कार. जुलै महिन्यात कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, तो पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली हा. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोक्याची पातळी येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि म्हणूनच दोन पट्ट्यांचा आलेख कसा फसवतो हे दाखवायला आजच्या उदाहरणासाठी मी हीच पातळी निवडली आहे.

समजा, तुमच्या मोबाइलवर एका आलेखाचा स्क्रीनशॉट आला. त्यात निळी रेषा पंचगंगेच्या पातळीची आहे आणि लाल रेषा टोमॅटोच्या किरकोळ भावाची. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून वर जातात आणि खाली लिहिलेले असते, "पाणी चढले की भाव चढतो." आकडे मी समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. सहा दिवसांची पातळी 30, 32, 35, 38, 40 आणि 41 फूट, तर त्याच दिवसांचे किलोचे भाव 40, 41, 42, 43, 43 आणि 44 रुपये.

(पडद्यावर: डावी पट्टी 30 ते 41 फूट, उजवी पट्टी 40 ते 44 रुपये.)

डावीकडची पट्टी फुटांची आहे आणि उजवीकडची रुपयांची. आलेख काढणाऱ्याने 11 फुटांची वाढ आणि 4 रुपयांची वाढ एकाच उंचीत बसवली, म्हणजे न सांगता एक विनिमय दर ठरवला: एक फूट पाणी बरोबर सुमारे 36 पैसे. हा दर नदीने ठरवलेला नाही आणि बाजारानेही नाही. आता आकड्यांना हात न लावता मी उजवी पट्टी 0 ते 80 रुपये करतो. त्याबरोबर एक फूट म्हणजे सव्वासात रुपयांच्या आसपास होतात, आणि लाल रेषा आलेखाच्या मध्यावर जवळजवळ आडवी पडते. आता हाच स्क्रीनशॉट पाहणारा म्हणेल की पुराचा भावावर काहीच परिणाम नाही.

यापेक्षा जास्त फसवणारी गोष्ट रेषांच्या छेदनबिंदूची आहे, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते.

(पडद्यावर: उजवी पट्टी 35 ते 45 रुपये.)

पाहा, आता लाल रेषा आधी वर आहे आणि चौथ्या व पाचव्या दिवसांच्या दरम्यान निळी रेषा तिला ओलांडून जाते. त्या जागी पातळी किती आहे? 38.8 फूट, म्हणजे जवळजवळ इशारा पातळी. ज्याला 39 हा आकडा पाठ आहे, त्याच्या मनात "पाणी इशारा पातळीला पोहोचले आणि काहीतरी बदलले" अशी गोष्ट आपोआप तयार होते. प्रत्यक्षात तेथे काहीही घडलेले नाही. फूट आणि रुपये ही वेगळी एकके असल्यामुळे एकाने दुसऱ्याला ओलांडणे या वाक्यालाच अर्थ नाही. उजवी पट्टी 40 ते 48 केली की हा छेदनबिंदू नाहीसा होतो.

यात कोणाचा कावा असतोच असे नाही. एक्सेलमध्ये दुसरा अक्ष जोडला की त्याचे किमान आणि कमाल आकडे सॉफ्टवेअर स्वतः ठरवते, आणि स्क्रीनशॉट कापताना कडेची पट्टीच अनेकदा निघून जाते. पट्टी दिसत नसेल, तर त्या चित्रावरून दोन रेषांच्या जवळिकीबद्दल काहीच ठरवू नये.

तुम्ही विचाराल की मग सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात हे सांगणारा, जास्तीत जास्त 1 असणारा आकडा, काढावा का, कारण तो पट्टी बदलल्याने बदलत नाही. आपल्या आकड्यांवर तो सुमारे 0.98 येतो, म्हणजे फार मोठा. परंतु येथे थांबणे घाईचे ठरेल, कारण सहा दिवस वाढत जाणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टींचा गुणांक बहुतेक वेळा मोठाच येतो. म्हणून रोजची वाढ पाहावी. पातळी रोज 2, 3, 3, 2, 1 फुटांनी वाढली आणि भाव 1, 1, 1, 0, 1 रुपयाने. या वाढींचा गुणांक केवळ 0.13 च्या जवळपास आहे. चौथ्या दिवसावरून पाचव्या दिवसाकडे जाताना पाणी 2 फुटांनी चढले, तेव्हा भाव जागचा हलला नाही. पुढच्या दिवशी पाणी एकच फूट चढले आणि भाव रुपयाने वाढला. अर्थात पाच फरकांवरून संबंध नाही असेही सिद्ध होत नाही. पावसामुळे नदीही चढते आणि मळ्यातला माल व वाहतूकही अडते, त्यामुळे दोन्हींचे मूळ एकच असू शकते. पण ते तपासायला अनेक पावसाळ्यांचे आकडे लागतील.

आलेख नीट कसा काढावा? पहिला दिवस 100 धरून दोन्ही रेषा एकाच पट्टीवर आणण्याची पद्धत भावासाठी योग्य आहे, पण नदीच्या पातळीसाठी मी ती वापरणार नाही. पातळी ठरवून दिलेल्या एका आधारबिंदूपासून मोजतात, त्यामुळे 30 वरून 41 फूट म्हणजे पाणी 37 टक्क्यांनी वाढले असे म्हणता येत नाही. त्याऐवजी दोन वेगळे आलेख एकाखाली एक ठेवावेत, तारखांची रेघ दोघांना एकच असावी आणि प्रत्येकाची पट्टी त्याच्या शेजारी पूर्ण दिसावी.

(पडद्यावर: वर पातळीचा आलेख, 39 आणि 43 फुटांवर आडव्या रेघा, खाली भावाचा आलेख.)

आता पाचव्या दिवसावर बोट ठेवा. वरची रेषा 39 ची रेघ ओलांडून गेली आहे, आणि खालची चौथ्या दिवशी होती तेथेच, 43 रुपयांवर, आहे.