चारशे रुपयांचा दिवाळी डबा: कंपन्यांच्या ऑर्डरसाठी भाव कसा काढावा

श्रोतेहो, नमस्कार. घरगुती किंवा छोट्या कारखान्यात मिठाई करणाऱ्यांकडे दिवाळीच्या तोंडावर जवळच्या कंपन्यांमधून फोन येऊ लागतात. "माणशी चारशेचं बजेट आहे, तीनशे डबे हवेत, काय देता?" या एका वाक्याला आज आपण नीट उत्तर तयार करू या.

आधी डब्यात काय घालायचं ते पाहू. दुकानातला गिऱ्हाईक मिठाई घेतो आणि संध्याकाळी घरी खातो. कंपनीचं तसं नसतं. डबे आज स्टोअरमध्ये उतरतात, वाटप परवा होतं, रजेवरच्या माणसाचा डबा आठवडाभर कपाटात राहतो. म्हणून पेढे, बर्फी, कलाकंद, खव्याचे मोदक असलं काहीही कंपन्यांना पाठवायच्या कॅटलॉगमध्ये घालू नये, मग ते तुमचं कितीही नाव असलेलं का असेना. खव्याची मिठाई चार दिवसांच्या पलीकडे धरवत नाही. बेसनाचा लाडू नीट भाजलेला असेल तर महिनाभर राहतो, काजूकतली आठवडाभर. या दोनवर डबा उभा करा, आणि डब्यावर तारीख घालताना कतलीचीच, म्हणजे कमी मुदतीची घाला. उटणं किंवा सुगंधी मेणबत्ती त्याच डब्यात मागितली, तर ती वेगळी बांधून द्या. तूप वास ओढून घेतं आणि लाडू साबणासारखा लागतो. शिवाय वेगळ्या कराची वस्तू एकाच किमतीच्या डब्यात गेली, की साऱ्या डब्याला त्यातला सर्वांत जास्त दर लागतो.

आता हिशेब. डब्यात चाळीस ग्रॅमचे 6 लाडू आणि दहा ग्रॅमच्या 16 कतल्या, मिळून निव्वळ 400 ग्रॅम. जवळ कागद असेल तर लिहून घ्या. भाव मी समजण्यापुरते धरतो, तुम्ही आपल्या बाजारातले घाला. एक किलो बेसन, साधारण सहाशे ग्रॅम तूप आणि नऊशे ग्रॅम पिठीसाखर यांचे अडीच किलोच्या आसपास लाडू होतात. वेलची, बेदाणे धरून किलोला 240 रुपये पडले असं समजा. कतली काजूच्या भावावर हलते. ती किलोला 610 धरू. म्हणजे एका डब्यात लाडवांचे 58 आणि कतलीचे 98, एकूण 156 रुपयांचा माल.

बरेच जण इथेच थांबतात, डब्याचे तीस-चाळीस मिळवतात आणि भाव सांगून टाकतात. पण पुठ्ठ्याचा डबा 42, आतले कप्पे, बटर पेपर आणि लेबल 13, कंपनीचं बोधचिन्ह छापलेली बाहेरची स्लीव्ह 10. झाले 65. करणाऱ्यांची मजुरी, गॅस आणि डबे भरण्याची मजुरी 28. मोठा खोका आणि टेम्पो 9. तुटलेल्या कतल्या, दबलेले डबे यांचे 7. भाडं, वीज, नमुन्यांचे डबे यांचे 15. सगळं मिळून 280.

या 280 वर तीस टक्के चढवले की 364 होतात. हा भाव बरा वाटतो, पण खरेदी विभाग दहा टक्के सूट मागणारच, ते त्यांचं काम आहे. सूट 364 वर बसते, म्हणजे 36 रुपये गेले. तुमचा नफा होता 84. दहा टक्के सूट दिली असं वाटलं, प्रत्यक्षात नफ्याचे त्रेचाळीस टक्के दिले. म्हणून नफा खर्चावर न चढवता विक्रीच्या किमतीवर धरा. 280 ला 0.70 ने भागा, 400 येतात. हा भाव झाला कराआधीचा.

आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. समोरच्याचं "चारशे" बहुधा करासहित असतं. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवरचा जीएसटी कंपनीला वजावट म्हणून मिळत नाही, त्यामुळे कर तिच्या खर्चातच जातो आणि ती पूर्ण रक्कमच पाहते. मिठाईवर पाच टक्के कर आहे. करासहित चारशे म्हणजे तुमच्या हाती 380 रुपये 95 पैसे. डब्यामागे एकोणीस रुपयांचा फरक, तीनशे डब्यांवर सुमारे 5,700. तेव्हा कॅटलॉगमध्ये प्रत्येक डब्याखाली करासहित किंमतच ठळक छापा. आपला हा डबा 420 ला छापावा, किंवा चारशेतच बसवायचा असेल तर दोन कतल्या कमी करून वजन तसं लिहावं. साध्या डब्यात उतरू नये. कंपनीतला माणूस डबा आधी हातात घेतो, मग उघडतो.

सूट द्यायचीच असेल तर संख्येमुळे खरोखर काय स्वस्त होतं तेवढं पाहा. काजू तीनशे डब्यांना ज्या भावाने येतात, जवळजवळ त्याच भावाने सहाशेला येतात. स्वस्त होते ती छपाई. स्लीव्हच्या प्लेटचा आणि मांडणीचा खर्च 2,400 रुपये असेल, तर तीनशे डब्यांवर डब्यामागे आठ, सहाशेवर चार. म्हणजे संख्या दुप्पट झाल्यावर हक्काची सूट चार रुपये. शंभर डब्यांवर तोच खर्च चोवीस रुपये होतो, म्हणून शंभरच्या खाली स्लीव्ह देऊ नका, छापील स्टिकर द्या. कॅटलॉगात हे स्पष्ट लिहा, म्हणजे घासाघीस छपाईवर होते, तुपावर होत नाही.

कॅटलॉग चार डब्यांपुरताच ठेवा. फोटो उघड्या डब्याचा, वरून काढलेला, मोजता येतील असे नग दिसणारा. त्याखाली निव्वळ वजन, घटक, टिकण्याचे दिवस, किमान संख्या आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते. काजूचे भाव हलते असताना ही शेवटची ओळ विसरलात, तर दसऱ्याला तुमचाच जुना भाव तुमच्यापुढे ठेवला जाईल. कॅटलॉग गणपतीच्या आधी पोचायला हवा. नव्या पुरवठादाराची नोंद करायला कंपनीला दोन-तीन आठवडे सहज लागतात. त्यासाठी पॅन, जीएसटी, अन्न परवाना, उद्यम नोंदणी आणि रद्द केलेला चेक एका फाइलमध्ये तयार ठेवा.

भरतानाची एक गोष्ट फार जपा. लाडू रात्रभर पसरून पूर्ण थंड झाल्याशिवाय डबा बंद करू नका. घाईत कोमट लाडू भरले की वाफ झाकणाला लागते, तिथून थेंब कतलीवर पडतात आणि चौथ्या दिवशी कडेला बुरशी धरते. ओळखायची खूण सोपी आहे: भरून तासाभराने पाच-सहा डबे उघडा आणि झाकणाच्या आतून बोट फिरवा. बोट ओलसर लागलं तर ती सगळी खेप उघडून वाळवा. लाडू वळताना 42 ग्रॅमचा वळा. वजन निव्वळ मालाचं, डब्याचं नव्हे, आणि सहा लाडवांत कुठे एखादा हलका निघाला तरी चाळीसच्या हिशेबात कमी पडत नाही.

पैशाचं शेवटी सांगतो. निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर घ्या, कारण काजू आणि डबे रोखीनेच घ्यावे लागतात. उरलेल्यासाठी "साठ दिवसांनी" असं कोणी म्हटलं तर उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. ती मुदत ओलांडून वर्ष संपलं, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही. त्यामुळे असा क्रमांक दिसला की त्यांचा हिशेब विभागच बिल पुढे सरकवतो. नमस्कार.